बंदुकीची गोळी आणि झुलती फळी

दारावर बिजागरीजवळ बुक्की मारली तर दार जेमतेम हलतें. तीच बुक्की कडेला, कडीपाशीं मारली तर तें धाडकन् भिंतीवर आदळतें. बुक्कीचा जोर तोच असतो, तिचें बिजागरीपासूनचें अंतर मात्र वाढलेलें असतें. आघाताला या अंतरानें गुणिलें म्हणजे कोनीय आघात मिळतो, आणि दाराचा कोनीय वेग किती बदलेल तें त्यावरून ठरतें. याच तत्त्वावर बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानें 1742 सालीं बंदुकीच्या गोळीचा वेग मोजून दाखविला. (हाच रॉबिन्स पुढें ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनियर म्हणून हिंदुस्थानांत आला आणि 1751 सालीं कडलूरजवळील फोर्ट सेंट डेव्हिड येथें वारला.)

त्यानें आडव्या आंसावर एक लोखंडी लंबक टांगला व त्याच्या खालच्या टोकाला जाड लांकडी फळी बसविली. गोळी फळींत रुतली कीं लंबक मागें झुले आणि खालीं बांधलेली फीत ओढली जाई. फीत किती सरकली यावरून झोका किती मोठा, तें कळे.

आतां येथें एक खोंच आहे. गोळी लागतांक्षणींच आंसही लंबकाला धक्का देतो, आणि तो किती हें आपणांस ठाऊक नसतें. परंतु हा धक्का आंसाच्याच ठिकाणीं लागतो. त्याचें अंतर शून्य, म्हणून त्याचा कोनीय आघातही शून्य! आंसाभोंवतीं हिशेब मांडला कीं तो अज्ञात धक्का आपोआप गळून पडतो.

रॉबिन्सचा लंबक 56 पौंड 3 औंस वजनाचा होता. त्याचा गुरुत्वमध्य आंसापासून 52 इंचांवर होता. 253 सेकंदांत तो 200 लहान झोके घेई. त्यावरून दोलनकेंद्र 62⅔ इंचांवर ठरलें. गोळी लागे ती 66 इंचांवर. वजनाला 52 नें व 62⅔ नें गुणून 66 च्या वर्गानें भागिलें, तर सुमारें 42 पौंड येतात. म्हणजे गोळीच्या दृष्टीनें सारा लंबक जणू 66 इंचांवर ठेवलेल्या 42 पौंडांच्या गोळ्यासारखा. गोळी पौंडाच्या बाराव्या हिश्शाची. तेव्हां गोळीसह हा भार तिच्या सुमारें 505 पट झाला.

71⅛ इंचांवर बांधलेली फीत 17¼ इंच ओढली गेली. म्हणजे गोळी लागे तेथें झोका सुमारें 16 इंचांचा, आणि त्या जागेचा आरंभींचा वेग सेकंदाला सुमारें सव्वातीन फूट. त्याच्या 505 पट म्हणजे सुमारें 1640 फूट, हा गोळीचा वेग!

कोणी अंतरांचा विचार न करतां सरळ 56 पौंडच धरले असते, तर उत्तर 2190 फुटांजवळ गेलें असतें. शिवाय बंदूक फार जवळ धरली तर दारूच्या वायूंचाही धक्का फळीला बसतो आणि झोका फाजील वाढतो.

लंबक दूर नेऊन मोजल्यावर एक वेगळीच गोष्ट उघडकीस आली. हवेचा विरोध नगण्य मानण्याची तोफखान्यांत जुनी रीत होती. रॉबिन्सला तो अशा वेगाच्या गोळीवर तिच्या वजनाच्या सुमारें 120 पट आढळला.