गुग्गुळ (औषधी डिंक)

गुग्गुळ हा 'कॉमिफोरा वायटाय' या शास्त्रीय नावाच्या काटेरी झुडपाच्या खोडातून पाझरणारा सुगंधी, राळयुक्त डिंक आहे. ही वनस्पती राजस्थान, गुजरातमधील कच्छ तसेच पाकिस्तानातील सिंध आणि बलुचिस्तान या कोरड्या, खडकाळ प्रदेशांत वाढते. जुन्या ग्रंथांत व संशोधनपर लेखांत तिचा उल्लेख 'कॉमिफोरा मुकुल' या नावानेही आढळतो. आयुर्वेदात गुग्गुळाचा वापर मुख्यतः संधिविकार आणि मेदोविकार यांवर केला जातो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तो रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणारे आणि थायरॉइड ग्रंथीला चालना देणारे द्रव्य म्हणून ओळखला जाऊ लागला. यांपैकी पहिल्या दाव्याविषयीचे पुरावे परस्परविरोधी आहेत, तर दुसऱ्याचे पुरावे जवळजवळ पूर्णपणे प्राण्यांवरील प्रयोगांतून आलेले आहेत. हृदयविकाराच्या आणि संप्रेरकांच्या काही औषधांच्या परिणामात मात्र गुग्गुळामुळे बदल होऊ शकतो.

'सालई गुग्गुळ' या नावाने विकला जाणारा डिंक सालई या वेगळ्या वृक्षाचा असतो. त्याचे घटक व उपयोग निराळे असून या लेखातील माहिती त्याला लागू होत नाही.

संकलन व शुद्धीकरण

हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत झुडपाच्या सालीला चिरा देतात आणि त्यांतून आलेला पिवळसर चीक घट्ट झाल्यावर खरवडून काढतात. खोल किंवा वारंवार चिरा दिल्यास झुडूप वाळते. अशा तोडीमुळे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने ही वनस्पती अतिसंकटग्रस्त गटात टाकली आहे.

कच्चा गुग्गुळ पोटाला सोसत नाही, हे वैद्यपरंपरेला पूर्वीपासून माहीत आहे. म्हणूनच तो त्रिफळ्याच्या काढ्यात किंवा दुधात शिजवून, गाळून मगच वापरण्याचा प्रघात आहे. या प्रक्रियेला शोधन म्हणतात. आधुनिक प्रयोगशाळेतही साधारण हेच आढळले. डिंक इथिल अ‍ॅसिटेट या द्रावकात मिसळला की त्याचे दोन भाग होतात. न विरघळणाऱ्या भागात मुख्यतः शर्करायुक्त गोंद असतो आणि त्रासदायक परिणाम बऱ्याच अंशी या भागाकडून होतात. विरघळणाऱ्या भागात गुग्गुलस्टेरॉन ही द्रव्ये येतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने या विरघळणाऱ्या भागापासून 'गुगुलिपिड' हा प्रमाणित अर्क तयार केला. १९८० च्या दशकात भारतात त्याला औषध म्हणून विक्रीची परवानगी मिळाली.

बाजारात योगराज गुग्गुळ, त्रिफळा गुग्गुळ, कांचनार गुग्गुळ अशा नावांनी मिळणाऱ्या गोळ्या आणि हा अर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पारंपरिक गोळ्यांत इतर वनस्पतीही असतात आणि गुग्गुलस्टेरॉनचे प्रमाण सहसा मोजलेले नसते. त्यामुळे अर्काच्या चाचणीतील निष्कर्ष, मग ते अनुकूल असोत वा प्रतिकूल, अशा गोळ्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

कोलेस्टेरॉलवरील परिणाम

आधुनिक संशोधनाची सुरुवात १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सादर केलेल्या प्रबंधापासून झाली. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाचे वर्णन त्यांना रक्तवाहिन्यांत मेद साठण्याच्या विकाराशी जुळणारे वाटले. कोलेस्टेरॉलयुक्त आहार दिलेल्या सशांना गुग्गुळ दिल्यावर त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल घटल्याचे त्यांनी दाखवले.

त्यानंतर भारतात माणसांवर चाचण्या झाल्या. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री चाचणीत २०५ रुग्णांना १२ आठवडे, दिवसातून तीनदा ५०० मिलिग्रॅम गुगुलिपिड देण्यात आले. त्यांपैकी ७० ते ८० टक्के रुग्णांत कोलेस्टेरॉल सरासरी सुमारे २४ टक्क्यांनी उतरले. आकडा मोठा आहे, परंतु या टप्प्यात सोबत चालणारा तुलनेचा गट नव्हता. चाचणीत दाखल झालेला रुग्ण जेवणात काळजी घेऊ लागतो आणि तपासणीत खूप वाढलेला आकडा पुढच्या वेळी आपोआपही थोडा खाली येतो. अशा घसरणीतला औषधाचा वाटा तुलनेच्या गटावाचून वेगळा काढता येत नाही. १९९४ सालच्या एका लहान चाचणीत असा गट होता. तिच्यात ६१ रुग्ण होते, सर्वांना फळे व भाज्यांनी युक्त आहार दिला होता, आणि २४ आठवड्यांनंतर गुग्गुळ घेणाऱ्यांचे एलडीएल म्हणजे घातक मानले जाणारे कोलेस्टेरॉल १२.५ टक्क्यांनी कमी झाले.

या निष्कर्षांना धक्का बसला तो २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीने. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी कोलेस्टेरॉल वाढलेल्या १०३ प्रौढांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट केले. एका गटाला दिवसातून तीनदा १,००० मिलिग्रॅम गुगुलिपिड, दुसऱ्याला तीनदा २,००० मिलिग्रॅम, आणि तिसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. अर्कात गुग्गुलस्टेरॉन २.५ टक्के होते. म्हणजे पहिल्या गटाच्या पोटात रोज ७५ मिलिग्रॅम गुग्गुलस्टेरॉन जात होते आणि दुसऱ्याच्या १५० मिलिग्रॅम. आठ आठवड्यांनी तपासले असता औषध नसलेल्या गटाचे एलडीएल ५ टक्क्यांनी कमी झालेले होते, तर गुग्गुळाच्या दोन गटांत ते अनुक्रमे ४ आणि ५ टक्क्यांनी वाढले होते. तुलनेने पाहता गुग्गुळ घेणाऱ्यांचे एलडीएल ९ ते १० टक्के जास्त राहिले. समजा, दोघांचे एलडीएल सुरुवातीला १६० होते, तर एकाचे १५२ वर आले आणि दुसऱ्याचे १६६ च्या पुढे गेले.

नॉर्वेत २००९ साली ४३ जणांवर झालेल्या १२ आठवड्यांच्या चाचणीत एकूण कोलेस्टेरॉल किंचित घटले. मात्र त्याबरोबर एचडीएल म्हणजे हितकर मानले जाणारे कोलेस्टेरॉलही घटले, आणि एलडीएलमध्ये लक्षणीय फरक पडला नाही.

भारतीय व पाश्चात्त्य निष्कर्षांतील तफावतीची कारणे म्हणून आहार, आनुवंशिकता आणि अर्कातील फरक पुढे केले जातात. यांपैकी एकही कारण थेट तपासून सिद्ध झालेले नाही. २००२ साली गुग्गुलस्टेरॉन हे यकृतपेशींतील एफएक्सआर या ग्राहीला अडवते असे दिसून आले. हा ग्राही पित्ताम्लांच्या निर्मितीवर नियंत्रण ठेवतो आणि पित्ताम्ले कोलेस्टेरॉलपासून बनतात. त्यामुळे गुग्गुळाचा परिणाम कसा होतो याचे उत्तर सापडल्यासारखे वाटले. दुसऱ्याच वर्षी वरील चाचणीचे निष्कर्ष आले. पेशींत क्रिया दिसणे म्हणजे रुग्णात लाभ होणे नव्हे, याचे हे नेमके उदाहरण आहे.

थायरॉइडवरील परिणाम

थायरॉइड संप्रेरक कमी पडले की यकृत रक्तातील एलडीएल पुरेसे उचलत नाही आणि कोलेस्टेरॉल वाढते. गुग्गुळ थायरॉइडला चालना देऊन कोलेस्टेरॉल उतरवत असावा, ही कल्पना या संबंधातून पुढे आली. १९८० च्या दशकात उंदरांवर झालेल्या प्रयोगांत 'झेड' प्रकारच्या गुग्गुलस्टेरॉनमुळे ग्रंथीने आयोडीन घेण्याचे प्रमाण वाढल्याचे आढळले. पुढील प्रयोगांत औषधाने थायरॉइड मंद केलेल्या उंदरांमध्ये टी३ या संप्रेरकाची पातळीही वाढली. माणसांतील थायरॉइडची मंदता गुग्गुळाने बरी होते, असे दाखवणारी विश्वासार्ह चाचणी मात्र झालेली नाही.

व्यवहारात धोका दोन्ही दिशांनी संभवतो. कोलेस्टेरॉल वाढलेले दिसल्यावर टीएसएच ही साधी रक्ततपासणी न करता गुग्गुळ सुरू केला, तर मूळ आजार थायरॉइडचा असूनही तो महिनोन्‌महिने दबून राहू शकतो. लेव्होथायरॉक्सिन बंद करून त्याऐवजी गुग्गुळ घेणे त्याहून गंभीर आहे, कारण ज्या ग्रंथीची संप्रेरक बनवण्याची क्षमताच गेली आहे, तिला चालना देऊन ते मिळत नाही. उलट लेव्होथायरॉक्सिन चालू ठेवून त्यात गुग्गुळाची भर घातल्यास एकूण परिणाम वाढण्याची शक्यता गृहीत धरली जाते. धडधड, हातांना कंप, झोप न लागणे आणि कारणाविना वजन घटणे ही त्याची चिन्हे होत. टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा मोजल्यास हा बदल कळतो. थायरॉइड आधीच अतिसक्रिय असलेल्यांनी गुग्गुळ टाळावा असे सांगितले जाते.

पोटावरील व इतर दुष्परिणाम

मळमळ, ढेकर, उचकी, पोटात अस्वस्थता आणि पातळ शौच हे नेहमी आढळणारे त्रास आहेत. कच्च्या डिंकाने ते अधिक आणि अर्काने कमी होतात. बहुतेकदा औषध थांबवल्यावर ते ओसरतात. अंगावर उठणाऱ्या पुरळाकडे मात्र पोटाच्या कुरबुरीइतके हलके पाहता येत नाही. २००३ च्या चाचणीत गुग्गुळ घेणाऱ्या सहा जणांना असे पुरळ उठले, दुसऱ्या गटात कोणालाही नाही. नॉर्वेतील चाचणीतही पुरळामुळे एकाला बाहेर पडावे लागले. इटलीत गुग्गुळाचा अर्क घेणाऱ्या एका रुग्णात स्नायूपेशी फुटण्याचा विकार झाल्याची नोंद २००४ साली प्रसिद्ध झाली. अर्क बंद केल्यावर तो बरा झाला. स्नायूंत तीव्र वेदना आणि गडद, चहासारखी लघवी ही या विकाराची लक्षणे आहेत. स्टॅटिन गटातील औषधांनीही क्वचित हाच विकार होतो, त्यामुळे दोन्ही एकत्र घेण्याबाबत सावधगिरी बाळगली जाते.

हृदयविकाराच्या औषधांशी आंतरक्रिया

या बाबतीतला सर्वांत थेट पुरावा १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासाचा आहे. निरोगी व्यक्तींना प्रोप्रॅनोलॉल किंवा डिल्टियाझेम यांच्यासोबत गुगुलिपिडची एकच मात्रा देण्यात आली, तेव्हा या दोन्ही औषधांची रक्तातील पातळी लक्षणीयरीत्या घटली. दोन्ही औषधे रक्तदाब आणि हृदयशूलासाठी दिली जातात.

डिल्टियाझेम घेणाऱ्या रुग्णाचे उदाहरण घेतल्यास याचा अर्थ स्पष्ट होतो. मात्रा ठरलेली आहे, छातीतील दुखणे आटोक्यात आहे. त्याने कोलेस्टेरॉलसाठी स्वतःहून गुग्गुळ सुरू केला आणि डिल्टियाझेमची पातळी उतरली, तर जिना चढताना छातीत पुन्हा भरून येऊ लागेल किंवा रक्तदाब वाढेल. गुग्गुळाची कल्पना नसलेला डॉक्टर आजार वाढला असे समजून मात्रा वाढवील. पुढे पोट बिघडले म्हणून रुग्णाने गुग्गुळ सोडला, की वाढवलेली मात्रा पूर्णपणे शोषली जाऊन नाडी मंद होणे आणि चक्कर येणे असे प्रकार घडू शकतात. 'झाडपाल्याचे आहे' म्हणून असे पदार्थ डॉक्टरांना सांगितले जात नाहीत, तेव्हा हा क्रम उलगडणे कठीण होते.

गुग्गुलस्टेरॉनमुळे रक्तबिंबिका एकमेकींना चिकटण्याचे प्रमाण कमी होते, असे प्रयोगांत दिसले आहे. त्यामुळे अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफॅरिन घेणाऱ्यांत रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. हिरड्यांतून रक्त येणे, सहज काळेनिळे डाग पडणे किंवा काळी शौच होणे यांवरून तो ओळखता येतो. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी साधारण दोन आठवडे गुग्गुळ बंद ठेवण्याची शिफारस केली जाते.

संप्रेरक औषधांशी आंतरक्रिया

प्रयोगशाळेत गुग्गुलस्टेरॉन पीएक्सआर या दुसऱ्या ग्राहीला जागृत करते आणि त्यातून सीवायपी३ए४ या यकृतातील विकराचे प्रमाण वाढते. हा विकर गर्भनिरोधक गोळ्यांतील संप्रेरके तसेच सिम्व्हास्टॅटिन व अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन यांचे विघटन करतो. तो वाढल्यास ही औषधे लवकर नष्ट होतील आणि अपुरी पडतील, असे यावरून अनुमान काढले जाते. स्त्री-संप्रेरकांच्या ग्राहींवरही गुग्गुलस्टेरॉनची क्रिया दिसली आहे, म्हणून रजोनिवृत्तीनंतरच्या संप्रेरकचिकित्सेत आणि संप्रेरकांवर वाढणाऱ्या कर्करोगांत तो टाळला जातो. यातील बहुतेक निष्कर्ष पेशींवरील प्रयोगांतून आलेले असून प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेमप्रमाणे माणसांत मोजलेले नाहीत. कच्च्या गुग्गुळामुळे मासिक पाळी अनियमित झाल्याच्या नोंदी आहेत. पाळी आणणारे द्रव्य म्हणून त्याची पूर्वापार ख्याती असल्याने गरोदरपणात तो दिला जात नाही.