करसल्लागाराची कॅरोसेल पोस्ट

इन्स्टाग्रामवर एकामागून एक सरकवत पाहायच्या चित्रांच्या मालिकेला कॅरोसेल म्हणतात. ही सोय २०१७ साली आली. तेव्हा एका पोस्टमध्ये १० चित्रे बसत, २०२४ पासून २० बसतात. करसल्लागाराला मात्र सात-आठ स्लाइड पुरतात. प्रत्येक स्लाइडवर एकच मुद्दा असावा, कारण करातला एक नियम दुसऱ्याच्या पोटात असतो आणि दोन्ही एकाच चित्रात घातले की वाचणारा पहिल्यावरच अडकतो.

बदलापूरमधील शिरगावात भाड्याने राहून लोकलने मुंबईला नोकरीला जाणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न घरभाडे भत्त्याचा, म्हणजे एचआरएचा असतो. ऑफिस मुंबईत आहे, मग मुंबईची ५० टक्क्यांची मर्यादा मिळेल का? मिळत नाही. नियम भाड्याचे घर कुठे आहे ते पाहतो आणि शिरगावच्या घराला ४० टक्केच लागू होतात. पोस्टसाठी हा मुद्दा आयता वाटतो, पण मालिका त्यावर उभी करू नये. कारण आकडे मांडले की दिसते.

समजा, मूळ पगार महिना ५०,००० रुपये, एचआरए २५,००० आणि भाडे १२,००० आहे; महागाई भत्ता नाही. सूट तीन रकमांपैकी सर्वांत कमी रकमेइतकी मिळते. वर्षभरात मिळालेला एचआरए ३,००,००० रुपये. मूळ पगाराचे ४० टक्के २,४०,००० रुपये. वर्षाचे भाडे १,४४,००० मधून मूळ पगाराचा दहावा हिस्सा, ६०,०००, वजा केला की उरतात ८४,०००. सूट ८४,००० रुपयेच. ४० ऐवजी ५० टक्के धरले तरी उत्तर बदलत नाही. या माणसाचे भाडे मूळ पगाराच्या निम्म्याहून, म्हणजे महिना २५,००० रुपयांहून, वर गेले तरच ४० टक्क्यांची मर्यादा आड येईल. म्हणून शिरगावच्या वाचकासाठी शिकवायचा मुद्दा हा, की भाड्यातून पगाराचा दहावा हिस्सा आधी वजा होतो. शहराचा नियम एका स्लाइडवर सांगून पुढे जावे.

त्यानुसार क्रम असा लागतो. पहिल्या स्लाइडवर प्रश्न: ‘घर शिरगावात, ऑफिस मुंबईत. भाड्यावर किती सूट?’ दुसरीवर अट: ही सूट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. ही स्लाइड शेवटी ढकलणे ही मोठी चूक आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत नुसत्या पगारावर १२.७५ लाखांपर्यंत कर लागत नाही. तेवढ्या पगाराच्या वाचकाला पुढचा हिशेब बहुधा लागणारच नाही, हे त्याला दुसऱ्याच चित्रात कळले पाहिजे. तिसरी, चौथी आणि पाचवी स्लाइड एकेका रकमेची. त्यांत भाड्याची आधी. सहावीवर तिन्ही रकमा शेजारी ठेवून सर्वांत लहान रकमेला गोल. सातवीवर कागद: भाडेकरार, भाड्याच्या पावत्या, आणि वर्षाचे भाडे एक लाखावर गेल्यास घरमालकाचा पॅन. वरच्या उदाहरणात तो लागतोच.

यातली एखादी स्लाइड सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकटीच फिरू लागते. ‘४० टक्के’ एवढेच लिहिलेले चित्र मालिकेतून सुटले की पाहणाऱ्याला पगाराच्या ४० टक्के सूट मिळते असे वाटते. म्हणून प्रत्येक चित्राच्या तळाशी ‘आर्थिक वर्ष २०२५-२६, जुनी करपद्धत’ ही ओळ हवी आणि रकमेच्या स्लाइडवर ‘तीनपैकी एक रक्कम’ असे लिहिलेले हवे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने वर्ष न लिहिलेली जुनी पोस्ट आणखीच घोटाळा करते. पगाराची स्लिप इंग्रजीत असते, तेव्हा ‘मूळ पगार’ लिहिताना शेजारी ‘बेसिक’ही लिहावे; वाचक स्लिपवर तोच शब्द शोधतो.

चित्राचे माप १०८० बाय १३५० पिक्सेल ठेवतात. पहिल्या चित्राचे प्रमाण पुढच्या सर्वांना लागते, म्हणून सगळी एकाच मापात करावीत. देवनागरीत वर मात्रा-रफार आणि खाली उकार येतात, त्यामुळे इंग्रजी मजकुरासाठी ठरवलेले ओळींमधले अंतर तसेच ठेवले तर ओळी एकमेकींना भिडतात. मजकूर पंचवीस शब्दांपुढे गेला की अक्षर बारीक करण्यापेक्षा स्लाइड वाढवावी.

मालिका जमली की नाही ते आलेल्या प्रश्नांवरून कळते. ‘नव्या पद्धतीत चालेल का?’ असे लोक विचारत राहिले तर दुसरी स्लाइड फसली आहे. ‘मग सगळे भाडे वजा का होत नाही?’ असे विचारले तर तिसरी पुन्हा लिहावी.

शेवटच्या स्लाइडवर सल्लागाराचे नाव येते. सनदी लेखापालांना १९४९ च्या कायद्यानुसार जाहिरात आणि ग्राहक मागणे यांवर बंधने आहेत, वकिलांनाही बार कौन्सिलची आहेत. त्यांनी फोन क्रमांक किंवा ‘आजच भेटा’ असे घालण्याआधी आपल्या संस्थेचे चालू नियम पाहावेत.