सुकाणू, वारा आणि संकलकाची जागा

नियंत्रणशास्त्राच्या पहिल्या धड्यांत एक नियम शिकवला जातो: फीडबॅकच्या वर्तुळात एक संकलक, म्हणजे इंटिग्रेटर, असला की स्थायी अवस्थेतील चूक शून्य होते. नियम खरा आहे, पण अपुरा आहे. संकलक वर्तुळात आहे एवढ्याने भागत नाही; विक्षोभ जिथून आत शिरतो त्या जागेच्या अलीकडे तो आहे की पलीकडे, यावर सारे ठरते. ही गोष्ट इतिहासात दोनदा, दोन वेगवेगळ्या यंत्रांवर उमगली.

पहिले यंत्र वाफेचे. वॅटच्या गव्हर्नरमध्ये इंजिनाचा वेग मंदावला की फिरते गोळे खाली येतात आणि वाफेची झडप अधिक उघडते. आता इंजिनावर कायमचा जादा भार आला असे समजू. तो पेलायला झडप कायमची अधिक उघडी हवी; ती उघडी राहायला गोळे खाली हवेत; आणि गोळे खाली राहायला वेग कमीच हवा. म्हणजे चूक हीच झडप उघडी धरण्याची किंमत ठरते. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ साली गव्हर्नरांवरील निबंधात हा भेद नेमका मांडला. चूक फक्त कमी करणाऱ्या यंत्रांना त्याने ‘मॉडरेटर’ म्हटले आणि ती पूर्ण नाहीशी करणाऱ्यांनाच ‘गव्हर्नर’ हे नाव राखून ठेवले. फ्लीमिंग जेन्किनचे यंत्र या दुसऱ्या वर्गातले होते. त्यात वेगाची चूक शिल्लक असेपर्यंत दुरुस्ती वाढतच जाते आणि चूक संपली की आहे तिथे थांबते. आजच्या भाषेत हाच संकलक.

दुसरे यंत्र म्हणजे जहाज, आणि मुद्द्याचे खरे मर्म इथे दिसते. निकोलस मिनोर्स्की हा रशियात जन्मलेला व पुढे अमेरिकेत स्थायिक झालेला अभियंता. स्वयंचलित सुकाणूवरील त्याचा निबंध १९२२ साली प्रसिद्ध झाला आणि पुढल्याच वर्षी न्यू मेक्सिको या युद्धनौकेवर त्याच्या उपकरणाच्या चाचण्या झाल्या. कुशल सुकाणूधारक नुसती दिशेची चूक पाहत नाही. जहाज किती वेगाने वळते आहे हेही तो पाहतो, आणि जहाज सतत एकाच बाजूला ओढले जात असेल तर सुकाणू हळूहळू विरुद्ध बाजूला झुकवून ठेवतो. हे शहाणपण मिनोर्स्कीने गणितात उतरवले.

एक साधे उदाहरण घेऊ. सुकाणू वळवले की जहाजावर वळणारे बल येते, त्यातून वळण्याचा वेग निर्माण होतो आणि त्या वेगाच्या साठत जाण्याने दिशा बदलते. दिशा म्हणजे वळणवेगाचे संकलन. म्हणजे जहाजाच्या अंगातच एक संकलक आहे. आता नियंत्रक असा धरा की दिशेत जितके अंश चूक तितकेच अंश सुकाणू उलट वळवायचे, आणि जहाज डोलू नये म्हणून वळणवेगाचा थोडा अंश त्यात मिसळायचा. वारा नसेल तर जहाज नव्या दिशेवर बिनचूक स्थिरावते. दिशा स्थिर राहायला सुकाणू शून्यावर हवे आणि सुकाणू शून्यावर यायला चूक शून्य हवी. जहाजातला संकलक इथे आपले काम चोख करतो.

आता बाजूने संथ, अखंड वारा सुटला आणि त्याचा परिणाम २ अंश वळवलेल्या सुकाणूइतका आहे असे समजा. वाऱ्याचे बल सुकाणूच्या बलाशेजारीच, म्हणजे जहाजाच्या संकलकाच्या अलीकडे, आत शिरते. सुकाणूचा कोन δ आणि वाऱ्याचा तुल्य कोन d मानला, तर दिशा स्थिर राहण्याची अट अशी:

δ + d = 0

ही अट नीट पाहावी. संकलक एकच गोष्ट सक्तीची करतो: त्याच्या आत येणारी बेरीज शून्य हवी. ती बेरीज सुकाणू आणि वारा यांची आहे. दिशेची चूक तिच्यात कुठेच नाही. सुकाणूला उलट बाजूला २ अंशांवर कायम राहावे लागेल, आणि आपल्या नियंत्रकात ते चुकीशिवाय वळतच नाही. म्हणून जहाज कायमचे २ अंश भरकटलेले चालेल. नियंत्रकाचा गुणक k असेल तर चूक d/k उरते. k दुप्पट केला तर १ अंश, चौपट केला तर अर्धा अंश. शून्य मात्र कधीच नाही. गुणक फार वाढवला तर प्रत्यक्ष सुकाणू यंत्रणेच्या दिरंगाईमुळे जहाज डोलू लागते.

तोच संकलक नियंत्रकात, चूक मोजण्याची जागा आणि वारा शिरण्याची जागा यांच्या मध्ये, बसवला की चित्र पालटते. आता त्याच्या आत फक्त चूक येते, म्हणून शून्य व्हावे लागते ते चुकीलाच. सुकाणूचे ते २ अंश संकलक आपल्या साठ्यातून धरून ठेवतो. त्यासाठी चूक शिल्लक राहण्याची गरज उरत नाही. मिनोर्स्कीच्या नियमातील तिसरे पद हेच. त्याची किंमतही आहे: हे पद फार जोरात लावले तर जहाज अस्थिर होते, म्हणून साठा सावकाशच भरावा लागतो. आणखी एक मर्यादा अशी की होकायंत्रच २ अंश चुकीचे दाखवत असेल तर कोणताही संकलक उपयोगी नाही. तो मोजलेली चूक शून्य करतो. खरी चूक त्याला दिसतच नाही.

भारताच्या अवकाश इतिहासात याच प्रश्नाची पुढची पायरी दिसते. इन्सॅट-१ मालिकेतील उपग्रहांचा सौरपंखा एकाच बाजूला होता, कारण दुसरी बाजू हवामान निरीक्षणाच्या उपकरणाला थंड ठेवण्यासाठी मोकळी हवी होती. त्या एका पंखावर सूर्यप्रकाशाचा सूक्ष्म दाब अखंड पडतो आणि अवकाशाच्या संदर्भात जवळजवळ एकाच दिशेने पीळ देतो. कल्पनेने १० चौरस मीटर पंखा ५ मीटर अंतरावर धरला आणि दाब दर चौरस मीटरला सुमारे ४.५ मायक्रोन्यूटन मानला, तर पीळ निघतो सुमारे ०.०००२२५ न्यूटन-मीटर. आकडा नगण्य वाटतो, पण दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत त्याचे सुमारे १९ न्यूटन-मीटर-सेकंद कोनीय संवेग साठते. नियंत्रकातला संकलक उपग्रहाचे तोंड पृथ्वीकडे बिनचूक ठेवील. पण त्याने मागितलेला उलट पीळ कोणीतरी द्यायलाच हवा. फिरत्या चाकाची साठवण भरते, मग छोटे थ्रस्टर इंधन खर्च करतात.

म्हणून या उपग्रहांना विरुद्ध बाजूला लांब दांड्यावर एक सौरशीड दिले होते. त्याने विक्षोभच जागच्या जागी तोलला जाई. १० एप्रिल १९८२ रोजी सुटलेल्या इन्सॅट-१एचे हे शीड उघडले नाही. इतर बिघाडांचीही त्यात भर पडली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिशानियंत्रणाचे इंधन संपल्याने उपग्रह सोडून द्यावा लागला.

विद्यार्थ्यांनी आकृती काढताना म्हणून संकलक मोजत बसू नये. विक्षोभाचा बाण जिथे आत शिरतो तिथे बोट ठेवावे आणि चुकीपासून त्या बोटापर्यंतच्या वाटेवर संकलक आहे का, ते पाहावे. असेल तर स्थिर विक्षोभाची चूक संपेल. बाणाच्या पलीकडचे संकलक कितीही असले तरी ती संपणार नाही. त्यानंतरचा प्रश्न असा की ती चूक संपवण्याचा खर्च कोणता अवयव, किती काळ उचलणार आहे.