डिस्चार्ज नियोजन यादी (वैद्यकीय समाजकार्य)

दुर्बल रुग्णाला घरी पाठवण्यापूर्वी घरचा आधार, साहित्य आणि पुढील तपासण्या यांची जुळवाजुळव करण्यासाठी समाजसेवकाने भरायची यादी. भारतात रुग्णालयीन समाजसेवकाची पहिली नेमणूक 1946 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाली. महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत या पदाला समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) म्हणतात. प्रस्तुत नोंदीत खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या वृद्ध रुग्णाचे उदाहरण घेतले आहे, कारण घराची रचनाच अशा रुग्णाच्या आड सर्वांत जास्त येते.

यादी डिस्चार्जच्या दिवशी भरायला घेतली तर ती केवळ कागदावर राहते. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या एक-दोन दिवसांतच नातेवाइकांशी बोलावे. पहिला प्रश्न आजाराचा नसतो. पडण्याच्या दोन आठवडे आधी आजी काय काय करत होत्या, हा असतो. स्वतः आंघोळ करत होत्या का, पैशांचा हिशेब ठेवत होत्या का, जिना चढत होत्या का? क्लिनिकल फ्रेल्टी स्केल ही नऊ पायऱ्यांची दुर्बलतेची पट्टी या पूर्वस्थितीवरच लावली जाते. खाटेवर पडलेल्या रुग्णाकडे पाहून लावलेला आकडा दिशाभूल करतो.

उदाहरणार्थ, 78 वर्षांच्या एक आजी चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही, संडास भारतीय पद्धतीचा, झोपणे जमिनीवर गादी घालून. मोडलेल्या हाडाच्या जागी खुब्यात कृत्रिम गोळा बसवला आहे. शस्त्रक्रिया मागच्या बाजूने झाली असल्याने सुरुवातीचे काही आठवडे उकिडवे बसायचे नाही, मांडी घालायची नाही आणि खुबा काटकोनाच्या पलीकडे वाकवायचा नाही. म्हणजे घरातील निम्म्या सवयी बाद. मुलाला दाराची रुंदी मोजायला आणि मोबाइलवर फोटो काढायला सांगितले, तेव्हा संडासाचे दार 22 इंच आणि वॉकर 24 इंच निघाला. वॉकर आत जाणारच नव्हता. म्हणून खाटेशेजारी कमोड खुर्ची ठरली. तिची बैठक आजींच्या गुडघ्यापेक्षा किंचित उंच हवी, आणि हात टेकायला दांडे हवेत. खाटेची उंचीही त्याच हिशेबाने. हे साहित्य विकत घ्यायलाच हवे असे नाही. अनेक गावांत सामाजिक संस्था वा गणेश मंडळे अनामत रक्कम घेऊन ते वापरायला देतात. मात्र ते आजींच्या आधी घरी पोहोचले पाहिजे. वॉकरची उंची वॉर्डातच फिजिओथेरपिस्टकडून बेतून घ्यावी.

‘काळजी घेणारे : मुलगा’ एवढे लिहून रकाना भरण्याची पद्धत आहे. मुलगा पाळीवर जातो आणि रात्री उठवायचे सुनेलाच, हे तिच्याशी वेगळे बोलल्याशिवाय कळत नाही. दिवसाचे चोवीस तास कागदावर मांडून प्रत्येक तासाला कोण घरी असेल ते लिहावे. रिकाम्या तासांसाठी शेजारी, नात्यातले कुणी किंवा ब्युरोची मावशी पाहावी लागते. उठवणे, कमोडवर बसवणे आणि कपडे बदलणे सुनेने वॉर्डात सिस्टरसमोर करून दाखवावे. ‘समजलं’ या उत्तरावर विसंबू नये.

औषधांसाठी घरातील जुन्या गोळ्यांची पिशवी मागवावी. रक्तदाबाची तीच गोळी जुन्या पिशवीत एका कंपनीच्या आणि नव्या चिठ्ठीवर दुसऱ्या कंपनीच्या नावाने असू शकते. दोन्ही सुरू राहिल्या की चक्कर, आणि पुन्हा पडणे. कोणती बंद, हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून द्यावे.

रुग्णवाहिका बहुधा चाळीच्या दारापर्यंतच येते. दोन मजले वर नेण्यासाठी मजबूत खुर्ची आणि उचलणारी माणसे आधी ठरवावीत. पुढच्या तपासणीलाही हेच लागू. टाके साधारण बाराव्या ते चौदाव्या दिवशी निघतात. ते जवळच्या दवाखान्यात काढता येतील का, हे सर्जनला विचारल्यास एक उतरचढ वाचते. मोठ्या रुग्णालयातील तपासणी, फिजिओथेरपी आणि हाडांच्या ठिसूळपणाच्या उपचाराची सुरुवात शक्यतो एकाच दिवशी बसवावी. 70 वर्षांवरील व्यक्तींना आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट नाही. कार्ड निघाले नसेल तर दाखल असतानाच काढून घ्यावे.

घरी ठेवण्याच्या कागदावर धोक्याची लक्षणे मोजकीच असावीत : एका पोटरीला सूज व दुखणे, अचानक धाप, जखमेतून पाणी वा पू, अचानक भान हरपल्यासारखे बोलणे, तसेच एकाएकी असह्य वेदना होऊन पाय आखूड वा फिरलेला दिसणे, म्हणजे सांधा निखळल्याची शंका. धाप लागल्यास किंवा पाय फिरल्यास 108 ला फोन करायचा. बाकीच्यांसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. समाजसेवकाने दोन दिवसांत घरी फोन करावा. ‘बरं आहे ना?’ असे विचारले की ‘हो’ येते. त्यापेक्षा काल रात्री लघवीला कसे नेले, ते विचारावे.

खाटा कमी असल्या की वॉर्डातून घाई होते. चोवीस तासांच्या कागदावर रात्र रिकामी असेल, तर समाजसेवकाने तसे केसपेपरवर लिहून उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावे. तोंडी हरकतीची कुठेही नोंद राहत नाही.