बीजकांवरून करटप्प्यांचा मासिक गोषवारा

वस्तू व सेवा कराचे मासिक विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याच्या हिशेबनिसाला दर महिन्याला एकाच कागदावर दोन गोष्टी हव्या असतात : ग्राहकांकडून किती कर गोळा झाला आणि पुरवठादारांना किती कर दिला गेला. ही माहिती करटप्प्यांनुसार मांडली, तर तिला मासिक गोषवारा म्हणतात. जीएसटीआर-३बी या विवरणपत्रात विक्रीवरील कराची एकत्रित बेरीज पुरते, तेथे टप्पे विचारले जात नाहीत. तरीही टप्प्यांचा गोषवारा करावा लागतो, कारण एक तर जीएसटीआर-१ मध्ये दरनिहाय आकडे द्यावे लागतात आणि दुसरे म्हणजे नोंदीतली चूक टप्पे वेगळे केल्याशिवाय दिसत नाही.

गोषवाऱ्याचे एकक बीजक नसून बीजकातील दर हे आहे. एकाच बीजकावर ५ टक्क्यांची स्टीलची भांडी आणि १८ टक्क्यांचा मिक्सर असेल, तर नोंदवहीत त्या बीजकाच्या दोन ओळी व्हायला हव्यात. प्रत्येक ओळीत तारीख, बीजक क्रमांक, प्रकार, दर, करपात्र मूल्य आणि सीजीएसटी, एसजीएसटी व आयजीएसटी असे तीन कर वेगवेगळ्या रकान्यांत येतात. दर सर्वत्र एकाच रीतीने, म्हणजे 18 असा निव्वळ आकडा म्हणून लिहावा. काही ओळींत 18 आणि काहींत 0.18 असे लिहिले गेले, तर सूत्र त्यांतल्या काही ओळी गाळते. प्रकार क स्तंभात, म्हणजे C मध्ये, दर D मध्ये आणि करपात्र मूल्य E मध्ये असेल, तर एका टप्प्याची बेरीज अशी येते :

```
=SUMIFS(E:E, C:C, "विक्री", D:D, 18)
```

सर्व टप्प्यांची बेरीज आणि E स्तंभातील विक्रीची एकूण बेरीज जुळली, म्हणजे कोणतीही ओळ गळालेली नाही.

म्हापशातील भांडी व घरगुती विद्युत उपकरणांच्या एका काल्पनिक दुकानाचा ऑक्टोबर २०२५ चा हिशेब पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी संपले. स्टीलची भांडी १२ वरून ५ टक्क्यांवर आली, वातानुकूलन यंत्र २८ वरून १८ टक्क्यांवर आले. त्यामुळे ऑक्टोबरच्या गोषवाऱ्यात ५ आणि १८ असे दोनच टप्पे पुरतील, असे सहज वाटते. मात्र सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका घरगुती ग्राहकाला विकलेले वातानुकूलन यंत्र ऑक्टोबरमध्ये परत आले. त्याचे करपात्र मूल्य ३०,००० रुपये होते. मूळ विक्री २८ टक्क्यांनी झाली असल्याने क्रेडिट नोटही २८ टक्क्यांचीच निघते. म्हणून विक्रीचा गोषवारा असा होतो :

| टप्पा | करपात्र मूल्य | सीजीएसटी | एसजीएसटी | आयजीएसटी |
|---|---|---|---|---|
| ५ टक्के, गोव्यात | ४,००,००० | १०,००० | १०,००० | – |
| १८ टक्के, गोव्यात | ३,००,००० | २७,००० | २७,००० | – |
| १८ टक्के, बेळगावला | ५०,००० | – | – | ९,००० |
| २८ टक्के, परत माल | –३०,००० | –४,२०० | –४,२०० | – |
| एकूण | ७,२०,००० | ३२,८०० | ३२,८०० | ९,००० |

२८ टक्क्यांची ओळच ठेवली नाही, तर दुकानदार ८,४०० रुपये कर जास्त भरतो. क्रेडिट नोट चुकून १८ टक्क्यांनी काढली, तर ग्राहकाला ३८,४०० ऐवजी ३५,४०० रुपयेच परत मिळतात आणि त्याचे ३,००० रुपये अडकतात. क्रेडिट नोटेमुळे कर कमी करण्याची मुदत विक्रीच्या आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोवर असते. म्हणजेच जुने टप्पे गोषवाऱ्यातून लगेच काढून टाकता येत नाहीत.

आता खरेदीची बाजू. कोल्हापूरच्या घाऊक व्यापाऱ्याकडून ५ टक्क्यांची ३,००,००० रुपयांची भांडी आली, त्यावर आयजीएसटी १५,००० रुपये. गोव्यातील पुरवठादारांकडून १८ टक्क्यांची २,००,००० रुपयांची उपकरणे घेतली, त्यावर सीजीएसटी व एसजीएसटी प्रत्येकी १८,००० रुपये. हा झाला नोंदवहीनुसार दिलेला कर. परंतु वजावट मिळते ती पुरवठादाराने विवरणपत्रात दाखवलेल्या आणि पुढील महिन्याच्या १४ तारखेला तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी मध्ये उतरलेल्या बीजकांचीच. येथे ४०,००० रुपयांचे एक बीजक त्यात नाही. त्यावरील ७,२०० रुपये ‘प्रलंबित’ अशा वेगळ्या ओळीत ठेवावे लागतात. वजावटीस पात्र रक्कम उरते ती सीजीएसटी व एसजीएसटी प्रत्येकी १४,४०० रुपये. प्रलंबित रक्कम घाईने वजा करून वापरली, तर ती पुढे १८ टक्के व्याजासह भरावी लागते.

वजावटीचा क्रम ठरलेला आहे. आयजीएसटीची शिल्लक आधी पूर्ण वापरायची. १५,००० रुपयांपैकी ९,००० रुपये बेळगावच्या विक्रीवरील आयजीएसटीपोटी जातात आणि उरलेले ६,००० रुपये सीजीएसटी व एसजीएसटीमध्ये ३,००० – ३,००० असे विभागता येतात. सीजीएसटीची शिल्लक एसजीएसटीसाठी किंवा एसजीएसटीची सीजीएसटीसाठी वापरता येत नाही. आता ३२,८०० मधून ३,००० आणि १४,४०० वजा केले की प्रत्येकी १५,४०० रुपये उरतात. दुकानाने रोख भरायचा कर ३०,८०० रुपये होतो.

आकडे पोर्टलवर चढवण्यापूर्वी एक पडताळणी करावी. प्रत्येक टप्प्याच्या करपात्र मूल्याला त्याच्या दराने गुणले असता नोंदवलेला कर यायला हवा. बीजकांवरील पैशांच्या पूर्णांकामुळे काही रुपयांचा फरक पडतो, त्याहून मोठा फरक म्हणजे ओळ चुकीच्या टप्प्यात गेली आहे. समजा, वरील दुकानात २०,००० रुपयांच्या मिक्सरची ओळ ३,६०० रुपये करासह ५ टक्क्यांच्या टप्प्यात पडली. तेथे करपात्र मूल्य ४,२०,००० दिसते, कर २१,००० असायला हवा, पण नोंद २३,६०० ची आहे. फरक २,६०० चा. १८ आणि ५ यांतील अंतर १३ टक्के, म्हणून २,६०० ला ०.१३ ने भागले की २०,००० येतात. चुकलेल्या ओळीची हीच रक्कम आहे, तेव्हा नोंदवहीत ती शोधणे सोपे जाते. १८ टक्क्यांच्या टप्प्यात मात्र २,८०,००० वर ५०,४०० असा नेमका हिशेब बसतो आणि तेथे चुकीची खूण दिसत नाही. म्हणून एका टप्प्याचा मेळ बसला यावर थांबू नये.

या पडताळणीला एक मर्यादा आहे. मूळ बीजकच चुकीच्या दराने काढले असेल, म्हणजे मिक्सरवर ५ टक्केच आकारले असतील, तर गुणाकार बरोबर येतो आणि चूक लपते. ती पकडण्यासाठी ओळीत एचएसएन क्रमांक हवा. ८५०९ हा क्रमांक घरगुती विद्युत उपकरणांचा, तर ७३२३ हा लोखंडी व स्टीलच्या भांड्यांचा. ८५०९ पुढे ५ हा दर दिसला की ते बीजक पुन्हा उघडून पाहावे.

या कामाचे वेळापत्रक विवरणपत्रांच्या तारखांवरून ठरते. विक्रीचा गोषवारा जीएसटीआर-१ च्या मुदतीपूर्वी, म्हणजे पुढील महिन्याच्या ११ तारखेआधी पुरा व्हावा, खरेदीचा १४ तारखेनंतर करावा आणि दोन्हींचा मेळ घालून २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी भरावे. या दरम्यान विक्रीतील चूक सापडली, तर ३बी भरण्याआधी जीएसटीआर-१ए द्वारे ती त्याच महिन्यात दुरुस्त करता येते.