तिकीट हाती, आसन नाही : विमान-भरपाईचा इतिहास

१/ २८ एप्रिल १९७२. ग्राहक-चळवळीचे अमेरिकन नेते राल्फ नेडर वॉशिंग्टनहून हार्टफर्डला भाषणासाठी निघाले होते. तिकीट निश्चित होते, तरी त्यांना विमानात प्रवेश मिळाला नाही. कंपनीने आसनांपेक्षा अधिक तिकिटे विकली होती.

२/ काही प्रवासी ऐनवेळी येत नाहीत, हा त्यामागचा हिशेब. तो चुकला की भुर्दंड प्रवाशावर. ठरावीक भरपाई नाकारून नेडर न्यायालयात गेले. नियमात भरपाई ठरलेली असली, तरी त्यामुळे फसवणुकीचा दावा करण्याचा मार्ग बंद होत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये सांगितले.

३/ भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने असे नियम २०१० मध्ये आणले. भरपाईची कमाल रक्कम तेव्हा उड्डाणाच्या कालावधीनुसार २,००० ते ४,००० रुपये होती.

४/ ऑगस्ट २०१६ पासून ती वाढली. पर्यायी विमान मूळ वेळेपासून एका तासाच्या आत सुटले, तर भरपाई नाही. त्यानंतर पण २४ तासांच्या आत सुटले, तर मूळ भाडे व इंधन आकार यांच्या बेरजेची दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला, तर चौपट, कमाल २०,०००. पर्याय नाकारल्यास तिकिटाचे पूर्ण पैसे परत आणि शिवाय चौपट रक्कम, हीच २०,०००ची मर्यादा.

५/ कल्पित उदाहरण घेऊ. सोलापूरच्या एका प्रवाशाला मुंबईत दिल्लीच्या विमानात घेतले नाही. तिकीट ४,५०० रुपयांचे, त्यात मूळ भाडे व इंधन आकार मिळून ३,५००. कंपनीचे पुढचे विमान सहा तासांनी आहे. ते घेतले तर भरपाई ७,०००. ते नाकारले तर परतावा ४,५०० अधिक १४,००० रुपये.

६/ पण काम बुडाले, हॉटेलचे आगाऊ पैसे गेले, ऐनवेळी दुसरे तिकीट १२,०००ला पडले, तर? महासंचालनालयाच्या सूत्रात या खर्चांचा वेगळा हिशेब नाही. मात्र या नियमांतील मर्यादेमुळे अधिक नुकसानभरपाई मागण्याचा प्रवाशाचा हक्क संपत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. नेडर यांच्या खटल्यातले तत्त्व असे इथेही आले.

७/ ही मागणी कुठे करायची? १९८६च्या कायद्यानुसार तक्रार कंपनीच्या व्यवसायाच्या किंवा घटनेच्या ठिकाणी करावी लागे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या तरतुदींनी तक्रारदाराच्या निवासाचे ठिकाणही ग्राह्य धरले. म्हणून मुंबईत नाकारला गेलेला सोलापूरकर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागू शकतो. मुदत दोन वर्षे.

८/ तिथे टिकते ते लेखी. प्रवेश नाकारल्याचे कारण काउंटरवरच लिहून घ्यावे. आपण मुदतीत पोहोचलो होतो, याचा पुरावा ठेवावा. उशिरा आलेल्याला हा नियम तारत नाही. नव्या तिकिटाची व हॉटेलची पावती जपावी. आणि भरपाई घेताना ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द असलेल्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नये.