संगीत कार्यक्रमातील श्रवणसंरक्षण

ध्वनिवर्धकांवरील मोठ्या संगीत कार्यक्रमात श्रोत्याच्या आंतरकर्णातील केशपेशींना इजा होऊ नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या काळजीस श्रवणसंरक्षण म्हणतात. माणसात या पेशी नष्ट झाल्यावर पुन्हा निर्माण होत नाहीत.

अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेने कामगारांसाठी ८५ डेसिबल आवाजाची मर्यादा दिवसाला ८ तास ठरवली आहे. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. त्यामुळे १०० डेसिबलला ती अवघी १५ मिनिटे उरते. कर्णरोधकाने प्रत्यक्षात १५ डेसिबल घट झाली, तर दोन तासांचा कार्यक्रमही मर्यादेत बसतो.

वेष्टनावरील आकडा मात्र प्रयोगशाळेतला असतो. फोमचा बोळा बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढून आत सरकवावा आणि फुगेपर्यंत बोटाने धरावा. नंतर तळहातांनी कान झाकल्यावर आवाज आणखी बराच घटला, तर बोळा सैल आहे असे समजावे.

ध्वनिवर्धकापासून दूर बसण्याचा लाभ मोकळ्या मैदानात अधिक. बंद सभागृहात भिंतींवरून परावर्तित होणारा आवाज तो घटवतो. मध्यंतरात शांत जागी गेल्याने आवाजाची मात्रा वाढायची थांबते, आधीची पुसली जात नाही. कार्यक्रमानंतर कानात गुणगुण किंवा दडे बसणे हे मर्यादा ओलांडल्याचे लक्षण होय. ते सकाळी ओसरले तरी इजा झालीच नाही, असे त्यावरून ठरत नाही.